पहिल्या पुस्तकाच्या जॅकेटवरील लेखिका-परिचय: एका परिचारिकेच्या पुस्तकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यावी, या विषयावर एका परिचारिकेने लिहिलेल्या पहिल्या पुस्तकाचे हे प्रकरण आहे. पुस्तकाचे संपादन माझ्याकडे होते. लेखिकेची ओळख उघड होऊ नये म्हणून तिचे नाव आणि पुस्तकाचे नाव येथे दिलेले नाही, आणि परिचयाच्या मजकुरात नावाच्या जागी कंस ठेवला आहे.

पुस्तकाचा निम्मा भाग अनुभवकथनाचा आणि निम्मा प्रत्यक्ष सूचनांचा होता. पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, गिळायला त्रास होत असेल तर भरवताना डोके कसे ठेवावे, रात्री कोणी जागावे, असे प्रश्न त्यात होते. अशा पुस्तकाचा वाचक बहुधा थकलेला असतो. त्याच्या घरात आधीच प्रत्येक जण काही ना काही सल्ला देत असतो, आणि आणखी एका माणसाचे आपण का ऐकावे, हे त्याला दुकानात उभ्या उभ्या ठरवायचे असते. ते ठरवण्यासाठी तो जॅकेटच्या मागच्या, आत दुमडलेल्या पट्टीकडे, म्हणजे फ्लॅपकडे वळतो, कारण लेखिकेचे नाव त्याने पूर्वी कधी ऐकलेले नसते.

या फ्लॅपची रुंदी ९० मिलिमीटर होती. दोन्ही बाजूंचे समास सोडले की मजकुरासाठी सुमारे ६५ मिलिमीटर उरत होते, आणि साडेनऊ पॉइंटच्या अक्षरात एका ओळीत पाचच्या आसपास शब्द बसत होते. वरच्या बाजूला छायाचित्र, तळाशी छायाचित्रकाराचा आणि मुखपृष्ठकाराचा नामनिर्देश होता. मधल्या जागेत बारा ते चौदा ओळी मोकळ्या श्वासाने बसतील, असे डिझायनरने सांगितले. म्हणजे परिचय साधारण साठ शब्दांचा हवा होता. ही मर्यादा आधी कळणे फार उपयोगाचे ठरले, कारण शब्दसंख्येवरचे मतभेद त्यामुळे सुरुवातीलाच मिटले.

अडचण

लेखिकेने स्वतः लिहून पाठवलेला परिचय दोनशेहून अधिक शब्दांचा होता. त्याची सुरुवात अशी होती:

‘बालपणापासूनच वाचन-लेखनाची आवड जोपासणाऱ्या (नाव) यांनी परिचर्याशास्त्रातील पदवी व समाजशास्त्रातील पदव्युत्तर पदवी संपादन केली असून, विविध नामांकित रुग्णालयांत वीस वर्षांहून अधिक काळ सेवा बजावली आहे. शेकडो कुटुंबांना त्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले असून अनेक पुरस्कारांनी त्यांना सन्मानित करण्यात आले आहे.’

पुढे काव्यलेखन, चित्रकला आणि प्रवास हे छंद होते, कुटुंबीयांच्या पाठिंब्याचा उल्लेख होता, आणि ‘हा पहिलाच प्रयत्न वाचक गोड मानून घेतील’ अशी आशा होती.

हा मजकूर मनापासून लिहिलेला होता आणि त्यात खोटे काहीच नव्हते. लेखिकेने आजवर पाहिलेले परिचय सत्कार समारंभांतले होते, त्यामुळे तिनेही तोच घाट उचलला होता. समारंभात वक्त्याची ओळख करून देताना सगळी कामगिरी एका दमात सांगायची असते, कारण समोरचे श्रोते तो माणूस ऐकायला आधीच येऊन बसलेले असतात. फ्लॅपसमोरचा वाचक अजून आलेला नसतो. ‘नामांकित’, ‘शेकडो’, ‘अनेक’, ‘मोलाचे’ हे शब्द त्याला काहीच दाखवत नाहीत. कोणते रुग्णालय, कोणता पुरस्कार, कसले मार्गदर्शन, असे प्रश्न तेवढे उभे राहतात आणि उत्तर न मिळाल्याने विश्वास वाढण्याऐवजी घटतो. शेवटची नम्र विनंती तर आरोग्यविषयक पुस्तकात थेट घातक होती. जिच्या सूचनेनुसार आपण आईला कुशीवर वळवणार आहोत, तिनेच ‘गोड मानून घ्या’ म्हटले तर वाचकाने काय समजावे?

आपुलकीचीही तीच अवस्था होती. छंदांमुळे परिचय घरगुती वाटेल, अशी लेखिकेची समजूत होती. परंतु छंद शेवटी चिकटवलेले असल्यामुळे वरचा भाग सरकारी आणि खालचा भाग खासगी, असे दोन तुकडे पडले होते, आणि चित्रकलेचा पुस्तकाशी काही संबंध नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय याच मजकुराची काटछाट करण्याचा होता. तो करून पाहिला. दोन पदव्या, कामाची वर्षे, पुरस्कार आणि एक छंद एवढे ठेवल्यावर साठ शब्द झाले, पण वाचल्यावर ते एखाद्या नोकरीच्या अर्जातून उचलल्यासारखे वाटले. मोठा मजकूर कापून लहान केला की त्यातले नेमके कण आधी गळतात आणि सर्वसाधारण विशेषणे मागे उरतात, हा अनुभव येथेही आला.

दुसरा मसुदा विक्री विभागाकडून आला. त्यात लेखिकेला ‘गृहशुश्रूषेतील अग्रगण्य तज्ज्ञ’ म्हटले होते. विक्री विभागाची बाजू अगदीच चुकीची नव्हती. नवख्या नावाला दुकानदार पुढच्या रांगेत जागा देत नाही आणि एखादे ठसठशीत बिरूद त्याला सांगायला सोपे पडते. तरीही आम्ही ते नाकारले. अग्रगण्य कोणाच्या मते, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. शिवाय पुस्तकातच जागोजागी ‘हे आधी डॉक्टरांना विचारा’ असे लिहिलेले होते, आणि जॅकेटने लेखिकेला तिच्या स्वतःच्या भूमिकेपेक्षा मोठा अधिकार देणे वाचकाच्या दृष्टीने धोक्याचे होते.

तिसरा पर्याय लेखिकेला अधिक आवडला होता. ‘रात्रपाळीत मी…’ अशी सुरुवात करून तिने प्रथमपुरुषी एक हृद्य परिच्छेद लिहिला. तो सुंदर होता. पण त्यात तिचे शिक्षण आणि काम नेमके काय, हे कळत नव्हते, आणि पुस्तकाच्या मनोगताचा सूरही तोच असल्याने फ्लॅप आणि मनोगत एकच गोष्ट दोनदा सांगत होते. त्याखेरीज एक व्यावहारिक अडचण होती. परिचय पुढे सूचिपत्रात, परीक्षणाखाली आणि कार्यक्रमाच्या निवेदनात उचलला जातो. तेथे ‘मी’ चालत नाही, मग प्रत्येक जण आपापल्या परीने त्याचे ‘त्या’ करून घेतो आणि त्यात चुका शिरतात.

चौथा पर्याय सगळ्यांत कष्टाचा होता: लिहिलेले सर्व बाजूला ठेवून लेखिकेशी बोलायचे, आणि वाचकाच्या एकाच प्रश्नाचे उत्तर देणारा मजकूर नव्याने घडवायचा. तो प्रश्न म्हणजे, ‘हे मी हिच्याकडून का ऐकावे?’ आम्ही हाच मार्ग धरला.

माहिती मिळवणे आणि पडताळणे

लेखिकेला ‘स्वतःविषयी सांगा’ असे म्हटले की ती पुन्हा पदव्यांकडे वळत असे. म्हणून प्रश्न बदलला. ‘तुमच्या कामातली अशी कोणती गोष्ट आहे, जी तुम्ही केली नसती तर हे पुस्तक लिहिताच आले नसते?’ यावर ती थोडी थांबली आणि मग तिने कागदांची गोष्ट सांगितली.

रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांना तोंडी सूचना दिल्या जातात. त्या क्षणी ते इतके गोंधळलेले असतात की दारापर्यंत जाईतो निम्म्या विसरतात, हे तिच्या लक्षात आले होते. म्हणून ती एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला लागली: कूस कोणत्या वेळी बदलायची, पायाची टाच गादीला टेकू नये म्हणून उशी कुठे ठेवायची, भरवल्यानंतर किती वेळ बसते ठेवायचे. प्रत्येक रुग्णाचा कागद वेगळा असे. काही नातेवाईक महिन्यांनी परत येत ते याच कागदावर स्वतःचे प्रश्न लिहून आणत, आणि पुस्तकातील प्रकरणे बहुतांशी त्या प्रश्नांवरून पडली होती.

मूळ परिचयात हे एका शब्दानेही आलेले नव्हते. लेखिकेच्या लेखी ते ‘काम’ होते, सांगण्यासारखे नव्हते. नवख्या लेखकांच्या बाबतीत हे वारंवार दिसते. ज्याची नोंद कुठल्या प्रमाणपत्रावर नाही, ते त्यांना परिचयात घेण्याजोगे वाटत नाही, आणि नेमके तेच दुसऱ्या कोणाच्या परिचयात सापडणार नसते.

त्यानंतर प्रत्येक विधानाची पडताळणी केली. जॅकेटवरचा परिचय हा प्रकाशकाने वाचकाला दिलेला शब्द असतो, आणि छापल्यावर तो प्रत्येक प्रतीवर राहतो. ‘वीस वर्षांहून अधिक’ याचा हिशेब नोकरीच्या दाखल्यांवरून मांडला तेव्हा मेंदूविकार विभागात १७ वर्षे आणि त्यानंतर परिचारिकांना शिकवण्याची ३ वर्षे, असे निघाले. बेरीज वीस होत होती, तरी ‘वीस वर्षे रुग्णसेवा’ म्हणणे खरे ठरले नसते. १७ हा आकडा लहान असूनही अधिक विश्वसनीय वाटतो, असे माझे मत आहे, कारण गोल आकडा अंदाजाने सांगितलेला वाटतो आणि नेमका आकडा मोजलेला. कागदांबाबत लेखिकेकडे काही जुने नमुने जपलेले होते आणि तिच्या एका माजी सहकारी परिचारिकेने या पद्धतीला दुजोरा दिला.

पुरस्कारांपैकी एक रुग्णालयाच्या अंतर्गत समारंभातला होता आणि बाकी स्थानिक स्वरूपाचे होते. ते खरे होते, पण ओळखीचे नसलेले पुरस्कार नावानिशी दिले तर दोन ओळी खातात आणि नाव गाळून ‘अनेक’ म्हटले तर संशय निर्माण करतात. सगळेच वगळले. समाजशास्त्राची पदवीही वगळली. हे लेखिकेला जड गेले, कारण ती पदवी तिने नोकरी सांभाळून मिळवली होती. ती पदवी प्रकाशनाच्या पत्रकात घेऊ, असे ठरल्यावर तिचे समाधान झाले.

दोन कठीण निर्णय

पहिला निर्णय रुग्णालयाच्या नावाचा होता. नाव दिले असते तर विश्वासार्हता निश्चित वाढली असती. परंतु पुस्तकात प्रत्यक्ष रुग्णांच्या कहाण्या नावे बदलून आल्या होत्या. रुग्णालय, विभाग आणि कामाचा काळ हे तिन्ही तपशील जॅकेटवर एकत्र आले असते तर ज्यांनी त्या काळात तेथे उपचार घेतले त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कोणती कहाणी कोणाची हे ओळखता आले असते. आतल्या पानांवर नावे बदलण्याची सगळी काळजी जॅकेटच्या एका ओळीने वाया गेली असती. म्हणून ‘सार्वजनिक रुग्णालय’ एवढाच उल्लेख ठेवला, विभाग ठेवला, आणि सुरुवातीचे-शेवटचे साल दिले नाही.

दुसरा निर्णय अधिक नाजूक होता. लेखिकेचे वडील शेवटची काही वर्षे अंथरुणाला खिळून होते आणि तिने घरी त्यांची शुश्रूषा केली होती. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात हे आले होते. वाचकाच्या दृष्टीने ही बाब मोलाची होती, कारण रुग्णालयात आठ तासांची पाळी संपवून घरी जाणारी परिचारिका आणि घरातच चोवीस तास अडकलेली मुलगी यांच्या थकव्यात फरक असतो, आणि लेखिकेला दोन्ही ठाऊक होते. पण ती म्हणाली, ‘वडिलांच्या आजारपणावर मी पुस्तक विकते आहे, असे मला वाटायला नको.’

ही शंका आम्ही गांभीर्याने घेतली. उल्लेख टाळावा, की आजाराचे नाव न घेता करावा, की तो सविस्तर करावा, यावर चर्चा झाली. शेवटी असा नियम ठरवला की पुस्तकात नाही असे काहीही खासगी जॅकेटवर यायचे नाही, आणि जे यायचे ते पुस्तकातल्यापेक्षा कमी शब्दांत यायचे. लेखिकेने मसुदा आपल्या भावाला वाचून दाखवला. त्याने आजाराचे नाव काढायला सांगितले, बाकी मजकुराला संमती दिली. नाव काढल्याने वाक्य हलके झाले आणि कोणत्याही आजाराशी झुंजणाऱ्या घराला ते लागू पडू लागले.

मजकूर कसा घडला

पहिल्या नव्या मसुद्यात शिक्षण आणि काम एका वाक्यात, कागदांची गोष्ट दुसऱ्यात, वडिलांचा उल्लेख तिसऱ्यात आणि ‘सध्या त्या परिचारिकांना शिकवतात’ हे शेवटच्या वाक्यात होते. तिसरे वाक्य असे होते: ‘पुढे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तोच कागद त्यांच्या घरी भिंतीवर लागला.’

मुद्रितशोधकाने हे वाक्य चौथ्या प्रकरणाशी ताडून पाहिले. तेथे कागद कपाटाच्या दारावर होता, म्हणून ‘भिंतीवर’ बदलले. बाब क्षुल्लक वाटेल, पण पुस्तक वाचून पुन्हा फ्लॅपकडे येणाऱ्या वाचकाला अशी विसंगती खटकते आणि मग तो सूचनांकडेही साशंकतेने पाहतो.

यानंतर पुस्तक न वाचलेल्या दोन व्यक्तींना मसुदा दिला, तो काढून घेतला आणि काय लक्षात राहिले ते विचारले. काटछाट केलेल्या जुन्या मजकुरातून ‘नर्स आहेत, पुरस्कार मिळालेत’ एवढेच आठवले होते. नव्या मजकुरातून दोघांनाही कागद आठवला, आणि ‘१७ वर्षे’ हेही एकाने बरोबर सांगितले. मात्र एकाने विचारले, ‘तोच कागद? इतकी वर्षे जपून ठेवलेला?’ त्यामुळे ‘तोच’च्या जागी ‘तसाच एक’ आले. ‘सध्या’ने सुरू होणारे वाक्यही काढले. नोकरी बदलली की ते शिळे होते आणि छापील जॅकेटवर ते दुरुस्त करता येत नाही. जी माहिती बदलू शकते ती सहज सुधारता येईल अशाच ठिकाणी द्यावी, असे ठरले.

‘पहिले पुस्तक’ हा उल्लेख ठेवावा की नाही, यावर विक्री विभागाचा आक्षेप होता. आम्ही तो ठेवला, फक्त क्षमायाचना काढली. फ्लॅपवर आधीच्या पुस्तकांची यादी नाही, हे वाचकाला तसेही दिसते. ते सरळ सांगितले की लपवल्याचा भास होत नाही.

अंतिम मजकूर असा छापला गेला:

‘(नाव) यांनी परिचर्याशास्त्राची पदवी घेतल्यानंतर सार्वजनिक रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात १७ वर्षे परिचारिका म्हणून काम केले. रुग्ण घरी निघाला की कूस कधी बदलायची, उशी कुठे ठेवायची, याचा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद त्या नातेवाइकांच्या हाती देत. पुढे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तसाच एक कागद त्यांच्या स्वतःच्या घरी कपाटाच्या दारावर लागला. त्या कागदांतून हे त्यांचे पहिले पुस्तक वाढत गेले.’

यात एकही विशेषण लेखिकेची स्तुती करत नाही. दुसऱ्या वाक्यातून ती काळजी घेणारी आहे हे कळते आणि तिला आपले काम येते हेही कळते. उशी कुठे ठेवायची हे लिहून देणारी व्यक्ती प्रेमळ आहे की जाणकार आहे, असा वेगळा विचार वाचकाला करावा लागत नाही. आपुलकीसाठी एक वाक्य आणि विश्वासासाठी दुसरे, अशी वाटणी सोडून दिल्यामुळेच सगळे साठ शब्दांच्या आत बसले.

जॅकेट फाटते, हरवते, आणि काही ग्रंथालये ते काढूनही ठेवतात. म्हणून हाच मजकूर पुस्तकाच्या आतही एका पानावर छापला, आणि त्याखाली पुस्तकातील सूचना वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाहीत अशी ओळ दिली.

परिणाम

परिचयामुळे किती प्रती खपल्या, हे सांगता येत नाही; मुखपृष्ठ, विषय आणि परीक्षणे यांपासून त्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. जे दिसले ते एवढे की कार्यक्रमांत निवेदकांनी हा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा वाचला, आणि वाचकांच्या पत्रांत कागदाचा उल्लेख वारंवार आला. काहींनी ‘तो कागद मिळेल का?’ असे विचारले.

एक अनपेक्षित गोष्टही घडली. एका परीक्षणात लेखिकेच्या नावामागे ‘डॉ.’ लागले. परिचयात ‘परिचारिका’ स्पष्ट लिहिलेले होते, तरी मेंदूविकार विभाग वाचून कोणीतरी तर्क केला असावा. आम्ही दुरुस्ती पाठवली आणि ती छापून आली. लेखिकेनेही हा विषय लावून धरला होता, कारण डॉक्टर समजून कोणी औषधांविषयी तिचा सल्ला मानू नये, असे तिला मनापासून वाटत होते.

वेगळे काय करता येईल

भावाची संमती मुखपृष्ठ छपाईला जाण्याच्या बेतात असताना घेतली गेली. तो नाही म्हणाला असता तर तिसरे वाक्य काढून मांडणी पुन्हा करावी लागली असती, आणि चौथ्या वाक्याचाही आधार गेला असता. ज्यांचा उल्लेख येणार त्यांना पहिल्या मसुद्यापाशीच विचारणे योग्य.

परिचयासाठीचे प्रश्न हस्तलिखित स्वीकारतानाच लेखकाला द्यायला हवेत. त्या वेळी लेखकाच्या डोक्यात पुस्तक ताजे असते. जॅकेटची वेळ येईपर्यंत तो सत्काराच्या भाषेकडे वळलेला असतो. दाखले आणि नमुने त्याच वेळी मागितले तर पडताळणीही घाईत करावी लागत नाही.

साठ शब्दांच्या परिचयासोबत वीस शब्दांचा एक परिचयही तयार ठेवायला हवा होता. तो नव्हता, म्हणून सूचिपत्रे आणि दुकानांच्या याद्यांसाठी इतरांनी आपल्या मनाने मजकूर कापला, आणि बहुतेकांनी पहिले वाक्य ठेवून कागद काढून टाकला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी आम्ही तो लिहून दिला: ‘(नाव) यांनी मेंदूविकार विभागात १७ वर्षे परिचारिका म्हणून काम केले. घरी निघालेल्या रुग्णांसाठी लिहून दिलेल्या कागदांतून हे पुस्तक आकाराला आले.’ यात वडिलांचा उल्लेख नाही. तो इतक्या कमी जागेत आला असता तर त्याला लागणारा संदर्भ राहिला नसता, आणि लेखिकेची मूळ शंका खरी ठरली असती.